हरवलेल्या बॅगेची चार पानी तक्रार एका पानावर कशी आणू?

कावळाचिमणी | १२ मे २०२५

मंडळी, मदत हवी आहे. मार्चमध्ये दोन विमानं बदलून प्रवास केला. मी पोहोचले, बॅग पोहोचली नाही. ती आजतागायत आलेली नाही. २९ मार्चला विमान कंपनीला ईमेलने तक्रार पाठवली. दोन रात्री बसून लिहिली होती, चार पानं झाली. नवऱ्याने वाचून "जबरदस्त" म्हटलं, बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. कंपनीचं उत्तर १७ एप्रिलला आलं, दोन ओळींचं: "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया प्रवासाचा तपशील, रिपोर्ट क्रमांक व मागणीची रक्कम कळवावी."

म्हणजे वाचलंच नाही! सगळा तपशील तर त्यात होता. आता एका ओळखीच्या माणसाने सांगितलं की हे सगळं तारीखवार एका पानावर आण आणि खाली रक्कम लिही. पण काय काढायचं तेच कळत नाही. प्रत्येक वाक्य महत्त्वाचं वाटतंय. सुरुवात अशी होती, म्हणजे अंदाज येईल:

"दिनांक ३ मार्च रोजी मी मोठ्या विश्वासाने आपल्या कंपनीच्या विमानात बसले. तो विश्वास किती फोल होता हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या फिरत्या पट्ट्यासमोर दीड तास उभी राहिल्यावर कळले..."

पुढे पहिल्या पानावर पट्टा, दुसऱ्यावर काउंटरवरच्या बाईंचं वागणं, तिसऱ्यावर फोनवरचे अनुभव आणि चौथ्यावर बॅगेत काय होतं, त्यातलं काय पुन्हा मिळणार नाही आणि शेवटी "योग्य ती नुकसानभरपाई व लेखी माफी". कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये.

---

उंटावरचा_शहाणा

चार पानं? बॅग सापडली असती तर तक्रार ठेवायलाच लागली असती. :)

---

पैलतीर

सुरुवात छान जमली आहे हो. ललित लेखनाच्या विभागात टाका, इथे वाया जातेय.

---

काउंटरपलीकडचा

मी अकरा वर्षं सामानाच्या दाव्यांच्या टेबलावर काढली आहेत, आता त्या धंद्यात नाही. म्हणून पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

तुमचा ईमेल उघडणारा माणूस तो वाचायला बसत नाही, तो एक खिडकी भरायला बसतो. त्या खिडकीत रकाने असतात: प्रवाशाचं नाव, तिकीट क्रमांक, विमानतळावर केलेल्या रिपोर्टचा क्रमांक, टॅगचा दहा आकडी नंबर, पोहोचायची तारीख, मागितलेली रक्कम, पावत्या. पहिल्या पडद्यावर हे दिसलं नाही की तो तयार उत्तर पाठवतो, "तपशील कळवा". दिवसभरात त्याच्यासमोर अशा फायली एकापाठोपाठ येत असतात. तो निर्दयी नसतो, पण तुमचा रिपोर्ट क्रमांक शोधायला पान तिसरं, परिच्छेद दुसरा इथवर जायची त्याची पद्धत नाही.

आणि राग मानू नका, पण त्याने मागितलेल्या तीन गोष्टींपैकी एक तुम्ही खरंच दिली नव्हती. रक्कम. "योग्य ती" हा आकडा नाही. त्याला मंजुरीच्या रकान्यात "योग्य ती" टाईप करता येत नाही.

एक विचारतो. दुसऱ्या-तिसऱ्या पानांवर तुम्ही नेमकं काय सिद्ध करताय?

---

कावळाचिमणी

@काउंटरपलीकडचा, चूक त्यांची आहे हे. पहिलं विमान ५० मिनिटं उशिरा सुटलं, मग पुढच्या विमानासाठी जेमतेम तास राहिला. मी स्वतः धावत गेले. म्हणजे बॅग तिथेच राहिली असणार. मी तिथल्या काउंटरवर विचारलं होतं, "बॅग चढेल ना?" तर त्या बाई म्हणाल्या, "काळजी करू नका." हे सगळं लिहायला नको?

---

काउंटरपलीकडचा

नको. आणि याचं कारण समजलं की तुमची अडीच पानं आपोआप गळतील.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक ठिकाणी १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे तुम्ही ताब्यात दिलेली बॅग कंपनीच्या ताब्यात असताना हरवली, तर कंपनी जबाबदार. बास. चूक कोणाची, बाई काय म्हणाल्या, विमान का उशिरा सुटलं, यातलं काहीच तुम्हाला दाखवावं लागत नाही. सामानातच मुळात दोष होता असं काही असेल तर कंपनीला सुटका आहे, पण हरवलेल्या बॅगेत तो प्रश्न येत नाही.

बॅग *उशिरा* आली असती तर गोष्ट वेगळी. तिथे "आम्ही शक्य ते सगळं केलं होतं" असा बचाव कंपनीला घेता येतो, मग कोण काय म्हणालं याला थोडी किंमत येते. तुमची बॅग हरवली आहे. तुम्हाला चारच गोष्टी दाखवायच्या आहेत: बॅग दिली, ती आली नाही, तुम्ही लगेच कळवलं, आणि तिची किंमत इतकी.

---

नियमावली

वरच्या प्रतिसादात एक महत्त्वाची गोष्ट राहिली. लेखी तक्रार २१ दिवसांच्या आत करावी लागते. ताईंनी ४ मार्चच्या प्रकाराची तक्रार २९ मार्चला पाठवली, म्हणजे २५ दिवस झाले. मुदत गेली. आता फक्त विनंती करू शकता. आणि रक्कम मोजत बसायची गरजच नाही, प्रत्येक प्रवाशाला १,५१९ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, ठरलेले आहेत. मुदत असती तर तेवढे सरळ मागता आले असते.

---

कावळाचिमणी

मुदत गेली?? :(

---

काउंटरपलीकडचा

गेली नाही. ताई, श्वास घ्या.

@नियमावली, तुमचे आकडे बरोबर आहेत, जागा चुकल्या आहेत. २१ दिवसांत लेखी तक्रार ही *उशिरा मिळालेल्या* बॅगेसाठी, आणि ते २१ दिवस बॅग हातात पडल्यापासून मोजायचे. मोडक्या बॅगेसाठी ७ दिवस. जी बॅग मिळालीच नाही तिचे दिवस कुठून मोजणार? करारात ३१ व्या कलमातल्या या मुदती नुकसान आणि उशीर यांनाच आहेत. तरी कंपनीला लवकर लिहावं हे खरंच, कारण फाईल थंड होते.

हरवलेल्या बॅगेत २१ हा आकडा दुसऱ्याच कामाला येतो. बॅग यायला हवी होती त्या दिवसानंतर २१ दिवस उलटले की कंपनीने कबूल करो वा न करो, तुम्ही ती हरवली असं धरून हक्क मागू शकता. म्हणजे ४ मार्चची बॅग २५ मार्च संपेपर्यंत "उशीर" होती, २६ पासून "हरवलेली". ताईंनी २९ ला लिहिलं ते उलट अगदी वेळेवर होतं. तारीखवार यादीत ही ओळ आलीच पाहिजे, कारण कंपनीच्या फायलीत बॅगेचा "शोध चालू" असा शिक्का कितीतरी महिने राहू शकतो.

आणि १,५१९ ही *कमाल मर्यादा* आहे, ठरलेली रक्कम नव्हे. आधी १,२८८ होती, २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ झाली. कमाल म्हणजे नुकसान दाखवाल तितकं, पण त्याच्या वर नाही. हा मुद्दा युरोपीय न्यायालयापर्यंत गेला होता. एका प्रवाशाने "बॅग हरवली, पूर्ण मर्यादेइतकी रक्कम द्या" म्हटलं होतं. न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं, आपोआप नाही, नुकसान दाखवा.

---

नियमावली

मान्य. मी उशिराचं कलम वाचून बोललो. पण मला पक्कं आठवतंय की पूर्वी किलोवर पैसे मिळायचे. ते गेलं का?

---

काउंटरपलीकडचा

जुन्या वॉर्सा करारात वजनावर मोजत. ज्या मार्गाला माँट्रियल लागू नाही तिथे अजूनही तो हिशेब निघू शकतो. म्हणून सुटायचं ठिकाण आणि शेवटचं ठिकाण दोन्ही यादीच्या वरच लिहायचं, म्हणजे कुठला करार हे समोरच्याला लगेच कळतं.

---

गोधडी

माझी पण बॅग! म्हणजे आली, पण एक चाक नव्हतं आणि कोपरा फुटलेला. घरी येऊन दहा दिवस झाले. याच पद्धतीने लिहू का? चाकाचा फोटो आहे. म्हणजे चाक नसल्याचा.

---

उंटावरचा_शहाणा

चाक नसल्याचा फोटो. तत्त्वज्ञान विभाग कुठे आहे इथे?

---

काउंटरपलीकडचा

@गोधडी, तुमचंच ते ७ दिवसांचं प्रकरण. विमानतळावर सांगून काही लिहून घेतलं होतं का? असेल तर तो कागद शोधा, तीच तुमची लेखी तक्रार ठरू शकते. नसेल तर अवघड आहे. वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

---

शब्दकंजूस

मला विमानातलं काही कळत नाही, पण कापाकापी हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. ताई, तुमच्या चार पानांची एक प्रत घ्या. ज्या वाक्यात तारीख, वेळ, क्रमांक, रक्कम किंवा "कोणी कोणाला काय दिलं" यातलं काहीतरी आहे, त्याखाली रेघ ओढा. बाकी सगळं खोडा. विचार करायचा नाही, नुसतं खोडायचं. मग जे उरेल ते तारखेप्रमाणे लावा आणि इथे टाका.

एक युक्ती: विशेषणं आधी. "दीड तास" राहू दे, "रिकाम्या" जाऊ दे.

---

रातकिडा

मला हे अजिबात पटत नाही. तुम्ही सगळे मिळून त्या बाईंच्या अनुभवाचा बिलाचा कागद करताय. माझ्या मावशीची बॅग हरवली तेव्हा तिने समाजमाध्यमावर चार परिच्छेद लिहिले, शंभर लोकांनी पुढे ढकलले, आणि कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी फोनवर. यादीला कोण घाबरतं?

---

काउंटरपलीकडचा

फोन आला असेल, खोटं म्हणत नाही. तो फोन करणारा विभाग वेगळा, आणि पैसे मंजूर करणारा वेगळा. मावशींनी पुढे काय भरून दिलं ते विचारा. बहुतेक एक फॉर्मच असेल, ज्यात तारीख, टॅग आणि रक्कम होती.

---

रातकिडा

विचारलं. फॉर्म होता. :) पण फोन चार परिच्छेदांमुळेच आला, त्यावर मी ठाम आहे. आणि मनस्तापाचं काय? त्याची किंमत शून्य?

---

काउंटरपलीकडचा

शून्य असं नाही. पण युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलंय की वस्तूंचं नुकसान आणि मनस्ताप दोन्ही त्याच एका मर्यादेच्या आत येतात. म्हणजे बॅगेचा हिशेबच मर्यादेच्या जवळ जात असेल तर मनस्तापाला जागा थोडी उरते. बाकीच्या देशांतली न्यायालयं याकडे एकसारखं बघत नाहीत. कुठे मनस्ताप मुळात धरतच नाहीत. माझ्या टेबलावर मनस्तापाची रक्कम मी कधी मंजूर केली नाही, तो अधिकारच मला नव्हता. ज्या दाव्यात ती असे, ती फाईल वरच्या माणसाकडे जाई आणि तिथे पडून राही.

---

कावळाचिमणी

@शब्दकंजूस, तुमचं खोडण्याचं काम केलं. चार पानांतून अकरा वाक्यं उरली. थोडं रडू आलं, पण झालं. ही बघा (क्रमांक इथे देत नाही):

३ मार्च: पहिल्या काउंटरवर बॅग दिली, १७.५ किलो, टॅग मिळाला.
३ मार्च: विमान ५० मिनिटं उशिरा सुटले.
३ मार्च रात्री: पोहोचले, बॅग आली नाही.
४ मार्च: रिपोर्ट केला.
५, ६, ७, ९, १२, १४, १८, २० मार्च: फोन केले, कोणीही नीट उत्तर दिले नाही.
४ ते ९ मार्च: नाइलाजाने कपडे व आवश्यक वस्तू विकत घेतल्या.
९ मार्च: त्यांच्या संकेतस्थळावर बॅगेतील वस्तूंची यादी भरली.
२५ मार्च: २१ दिवस पूर्ण.
२९ मार्च: तक्रार पाठवली.
१७ एप्रिल: दोन ओळींचे उत्तर.
आजपर्यंत बॅग नाही.

---

शब्दकंजूस

अर्धी लढाई झाली. "नाइलाजाने" आणि "नीट" गुपचूप परत आत शिरलेत, त्यांना हाकला. आठ फोन एका ओळीत: "५ ते २० मार्च: आठ वेळा फोन, बॅगेचा ठावठिकाणा सांगितला गेला नाही."

---

काउंटरपलीकडचा

आता मी पूर्वीसारखा वाचतो, म्हणजे खोड काढायला.

एक. तिसऱ्या ओळीत तुम्ही "३ मार्च रात्री" पोहोचलात. पहिल्या प्रतिसादात "दुसऱ्या दिवशी सकाळी" पट्ट्यासमोर उभ्या होतात. कुठलं खरं? चार पानांत हा फरक कोणाला दिसला नसता. यादीत लगेच दिसतो, आणि कंपनीलाही दिसेल. बोर्डिंग पास बघा.

दोन. प्रत्येक ओळीच्या शेवटी पुरावा कुठला ते हवं. "जोड १", "जोड २" असं. ज्या ओळीला जोड नाही ती ठेवायची की नाही याचा विचार करा. उशीर झाल्याची ओळ काढा, वर सांगितलंय त्याची गरज का नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. ९ मार्चला संकेतस्थळावर जी यादी भरलीत तिची प्रत आहे का? दाव्याचा माणूस पहिलं काम हेच करतो: ती यादी आणि आताची मागणी शेजारी शेजारी ठेवतो. त्या यादीत नसलेली महागडी वस्तू आता अचानक दिसली, की सगळ्या दाव्यावरच शंका येते. उलटही तसंच. १७.५ किलोच्या बॅगेत २५ किलोचं सामान निघालं तर तेही दिसतं.

---

कावळाचिमणी

बोर्डिंग पास सापडला. पोहोचले ४ मार्च, सकाळी ६:४०. रात्रभर प्रवास होता, डोक्यात अजून ती ३ तारीखच होती. आणि मूळ तक्रारीत दोन्ही तारखा लिहिल्यात, एक पहिल्या पानावर, एक तिसऱ्यावर! रिपोर्टवर वेळ ७:५० आहे. म्हणजे दीड तासही नाही, तासाभरापेक्षा थोडा जास्त. तेव्हा दीडच वाटला होता हो.

९ मार्चच्या यादीची प्रत ईमेलवर आली होती. त्यात कॅमेरा आहे. चार पानांत मात्र कॅमेऱ्याचा उल्लेख नाही, कारण आजीची हाताने लिहिलेली वही गेली त्याबद्दलच एक अख्खं पान लिहिलं होतं, कॅमेरा राहूनच गेला. :(

---

पैलतीर

वहीबद्दल वाईट वाटलं ताई. तिची किंमत कशी लावणार?

---

काउंटरपलीकडचा

लावता येत नाही, आणि कंपनी ती कोऱ्या वहीची धरेल. पण यादीत "हस्तलिखित वही" ही वस्तू जरूर लिहा, रक्कम न लावता. बॅग पुढेमागे सापडली, टॅग तुटलेला असला, तर अशा एकमेव वस्तूवरून ओळख पटते. शोधणारे लोक आतल्या वस्तूंवरून जुळवतातच.

कॅमेरा ठेवा. पण सावध करतो, बहुतेक कंपन्यांच्या अटींत "नाजूक व मौल्यवान वस्तू बॅगेत ठेवू नयेत, आम्ही जबाबदार नाही" असं असतं. ती अट कराराच्या वर चालते का यावर वाद आहे. टेबलावर आम्ही ती रक्कम आधी वगळायचो. काही प्रवासी भांडून मिळवायचे, काही नाही.

---

नियमावली

चालणार नाही. करारातली जबाबदारी अटींनी कमी करता येत नाही, २६ वं कलम वाचा. या वेळी मी नीट वाचलंय.

---

काउंटरपलीकडचा

कलम तेच म्हणतं, बरोबर. तरी "अशी वस्तू बॅगेत ठेवणं हा प्रवाशाचाच हलगर्जीपणा" असं म्हणायला २० वं कलम कंपनीकडे आहे. म्हणूनच कॅमेऱ्याची रक्कम वेगळ्या ओळीत लिहा. म्हणजे कंपनीने ती कापली तरी बाकीचा हिशेब हलत नाही. एका गोळाबेरजेत घुसवली, तर कापताना ते बाकीचंही मनाप्रमाणे कापतात.

---

कावळाचिमणी

रकमांचंच विचारायचं होतं. कपड्यांच्या पावत्या कोण ठेवतं? आणि किंमत नवी धरायची की जुनी?

---

काउंटरपलीकडचा

ज्याची पावती नाही त्यासाठी बँकेच्या खात्यातली नोंद, ऑनलाइन मागवलं असेल तर ऑर्डरचा ईमेल, नाहीतर तो कपडा घातलेला फोटो. सगळ्याला काहीच नसेल तर दोन-तीन मोठ्या वस्तूंना तरी पुरावा हवा, मग बाकीच्यांवर विश्वास बसतो.

जुन्या वस्तूंची किंमत कमी धरली जाते. किती कमी, याचा सगळीकडे चालणारा तक्ता नाही, प्रत्येक कंपनी आपलं आपलं कापते. मी म्हणेन, तुम्हीच वय लिहा आणि कापून मागा. "जोडे, दोन वर्षं जुने" असं लिहिलेल्या दाव्याला मी कमी कात्री लावायचो.

---

शब्दकंजूस

मला उलट वाटतं. आधीच कापून मागितलं तर ते त्यावरही कापतील. बाजारात कोणी स्वतःहून भाव पाडतं का?

---

रातकिडा

शब्दकंजूसांशी पहिल्यांदाच सहमत.

---

खिडकीची_सीट

माझा अनुभव. बॅग २६ व्या दिवशी दारात आली, मी हरवल्याचा दावा केल्यावर. मग त्यांनी सगळा दावा उशिरात बदलला आणि फक्त मधल्या खरेदीचे पैसे दिले. म्हणून ताई, तातडीची खरेदी वेगळी ठेवा, पावत्यांसकट.

आणि प्रवास विमा असेल तर तेच नुकसान दोन्हीकडून घेता येत नाही. विमावाले आधी विचारतात, कंपनीने किती दिले?

---

कावळाचिमणी

विमा नव्हता. आता हा मसुदा बघा. चलनाचा घोळ नको म्हणून सगळ्या रकमा एसडीआरमध्ये बदलून लिहिल्या आहेत, नाणेनिधीच्या संकेतस्थळावर रोजचा दर मिळाला. वय धरून मीच कापलंय, काउंटरपलीकडच्यांचं ऐकलं. कंपन्या दोन होत्या, पहिलीने बॅग घेतली, दुसरीने मला पोहोचवलं. पत्र दुसरीला.

विषय: हरवलेली बॅग, रिपोर्ट क्र. …, टॅग क्र. …, मागणी १,३८५ एसडीआर

प्रवासी, तिकीट क्र., सुटण्याचे व शेवटचे ठिकाण: …

३ मार्च २०२५: पहिल्या विमानतळावर एक बॅग दिली, १७.५ किलो. (जोड १: टॅगची चिठ्ठी)
४ मार्च, ६:४०: शेवटच्या विमानतळावर पोहोचले. बॅग आली नाही. (जोड २: बोर्डिंग पास)
४ मार्च, ७:५०: विमानतळावर रिपोर्ट केला. (जोड ३)
४ ते ९ मार्च: तातडीची खरेदी. (जोड ४: सात पावत्या)
९ मार्च: संकेतस्थळावर वस्तूंची यादी भरली. (जोड ५)
५ ते २० मार्च: आठ वेळा फोन. बॅगेचा ठावठिकाणा सांगितला गेला नाही. (जोड ६: फोनची नोंद)
२५ मार्च: २१ दिवस पूर्ण. बॅग आली नाही.
२९ मार्च: लेखी तक्रार. (जोड ७)
१७ एप्रिल: आपले उत्तर, तपशील व रक्कम मागणारे. (जोड ८)

मागणी, एसडीआरमध्ये: बॅग ९०. कपडे व जोडे ५४०. कॅमेरा ३८०. पुस्तके, औषधे, भेटवस्तू २१०. तातडीची खरेदी १६५. एकूण १,३८५. हस्तलिखित वही एक, रक्कम लावलेली नाही.

माँट्रियल करार, कलम १७ नुसार ही रक्कम पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी. २९ मार्चच्या तक्रारीत पोहोचण्याची तारीख एके ठिकाणी ३ मार्च अशी चुकून लिहिली गेली आहे. ४ मार्च हीच बरोबर.

---

काउंटरपलीकडचा

हे मी जेवणाच्या सुट्टीआधी संपवलं असतं. शेवटची दुरुस्तीची ओळ फार चांगली. चूक स्वतः सांगितली की कोणी ती तुमच्याविरुद्ध वापरू शकत नाही.

दोन किरकोळ गोष्टी. ३० दिवस हे करारात नाहीत, तुमची मागणी म्हणून ठेवायला हरकत नाही. दुसऱ्या कंपनीलाच लिहिलंत ते ठीक, रिपोर्ट तिच्याकडे आहे. पण बॅगेच्या बाबतीत पहिली, शेवटची आणि जिच्याकडे असताना हरवली ती, तिघींवर दावा करता येतो. म्हणून पहिलीलाही प्रत पाठवा. "ती आमची जबाबदारी नाही" असं दोघी एकमेकींकडे बोट दाखवून म्हणतात, ते टळतं.

---

उंटावरचा_शहाणा

माफीची ओळ कुठे गेली?

---

कावळाचिमणी

शब्दकंजूसांनी खोडली. मी पाहत होते.

---

रातकिडा

निषेध. पण मसुदा चांगला आहे.

---

कावळाचिमणी | ४ जून २०२५

धागा वर काढतेय. पत्र १३ मे रोजी गेलं. काल उत्तर आलं, या वेळी दोन ओळींचं नाही. १,००५ एसडीआर देऊ म्हणतात. कॅमेरा "अटींनुसार वगळला", बाकी सगळं जसंच्या तसं मान्य! सोबत "पूर्ण व अंतिम" असं लिहिलेला कागद सहीसाठी. सही करू का?

---

शब्दकंजूस

करू नका. १,००५ घ्या आणि कॅमेऱ्याचं भांडण चालू ठेवा.

---

काउंटरपलीकडचा

"पूर्ण व अंतिम"वर सही केली की कॅमेरा संपला. विचारून बघा, वाद नसलेली रक्कम आत्ता द्या आणि कॅमेऱ्यापुरता प्रश्न उघडा ठेवा. माझ्या वेळी काही जणांना असं मिळालं, काहींना "सगळं किंवा काही नाही" असं सांगितलं. न्यायालयात जायची मुदत पोहोचल्याच्या दिवसापासून दोन वर्षं, म्हणजे ४ मार्च २०२७. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही, दावा दाखल व्हावा लागतो.

---

नियमावली

मी असतो तर कॅमेऱ्यासाठी गेलो असतो. पण मी नाहीये, आणि ३८० साठी न्यायालयात खर्च किती होईल हेही बघायला हवं.

---

कावळाचिमणी

नवरा म्हणतो घे आणि मोकळी हो. बहीण म्हणते भांड. मी आज फक्त यादीत दोन ओळी वाढवून परत पाठवल्या:

३ जून: आपण १,००५ एसडीआर मान्य केले. (जोड ९)
४ जून: १,००५ तत्काळ जमा करावेत ही विनंती. उरलेल्या ३८० बद्दलचा माझा हक्क राखून ठेवत आहे.

---

गोधडी

अभिनंदन ताई. माझा विमानतळावरचा तो कागद सापडला! बॅगेतच होता, फुटलेल्या कोपऱ्याच्या कप्प्यात. वेगळा धागा काढतोय.